चर्चेची तीन पानं

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘चर्चा’ नावाचं सदर कसं लिहायचं असतं, हे मला आमच्या बाईंनी शिकवलं. बाईंचे माझ्यावर तसे इतरही उपकार आहेत. फी भरायला उशीर झाला तेव्हा त्यांनी ऑफिसात शब्द टाकला होता आणि वसतिगृहाची मेस बंद असली की घरी जेवायला बोलवायच्या. पण असे उपकार भली माणसं करतातच, आणि तशी माणसं मला पुढेही भेटली. प्रयोगाचा निकाल गृहीतकाच्या उलट आला तर कागदावर काय लिहायचं, काय लिहायचं नाही आणि कुठे गप्प बसायचं, हे सांगणारं माणूस मात्र दुसरं भेटलं नाही.

काळ नव्वदच्या दशकाच्या मध्याचा. मी एम. ए. मानसशास्त्राला होते. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. तिच्यात पाच-सहा टेबलं, कपड्याखाली झाकलेला मेमरी ड्रम, मधूनच बंद पडणारी स्टॉपवॉच आणि कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारे शिपाई मामा. आधीच्या वर्षांची जर्नलं एका कपाटात असत आणि आम्ही सगळे ती ‘बघायला’ म्हणून नेत असू. त्यांत चर्चेचे दोनच ठरलेले नमुने होते. निकाल गृहीतकासारखा आला असेल तर ‘यावरून गृहीतक सिद्ध होते’. उलट आला असेल तर प्रयुक्तांची संख्या कमी होती, बाहेर आवाज होता, प्रयुक्त थकलेला होता, स्टॉपवॉच वापरताना चूक झाली असावी. ही यादी वर्षानुवर्षं एका जर्नलातून दुसऱ्यात उतरत आली होती. एका जर्नलात तर ‘पंख्याचा आवाज’ हे कारण होतं आणि प्रयोगाची तारीख ऐन थंडीतली होती.

आमच्या वाट्याला स्ट्रूपचा प्रयोग आला. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन माणसानं १९३५ साली तो प्रसिद्ध केला. रंगाचं नाव वेगळ्याच रंगाच्या शाईत छापायचं, म्हणजे ‘निळा’ हा शब्द हिरव्या शाईत, आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावायचं. तोंडात ‘निळा’ येऊ पाहतं, सांगायचं असतं ‘हिरवा’. स्ट्रूपच्या १०० विद्यार्थ्यांना नुसत्या रंगीत चौकोनांच्या शंभर रंगांची नावं सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले आणि विरोधी शब्दांवर ११०. या जादा वेळाला व्यत्यय म्हणतात. त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की वाचन इतकं सवयीचं झालेलं असतं की ते थोपवता येत नाही.

मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघांनी यावर एक पुढचा प्रश्न घेतला. वाचनाची सवय जितकी पक्की तितका व्यत्यय जास्त, असं असेल तर मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना मराठी शब्दांचा व्यत्यय इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त व्हायला हवा. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आम्ही बी. ए.च्या पहिल्या वर्षाची २० मुलं-मुली घेतली, सगळी मराठी माध्यमाची. प्रत्येक कार्डावर ४८ जागा आणि चार रंग. एक कार्ड काळ्या शाईतले शब्द वाचण्याचं, एक रंगीत चौकोनांचं, एक विरोधी शब्दांचं. हे सगळं एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. मराठी कार्डावर उत्तर मराठीत द्यायचं, इंग्रजी कार्डावर इंग्रजीत. निम्म्यांना आधी मराठी दिलं, निम्म्यांना आधी इंग्रजी. कार्डं जोडीदारानं केली, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. तो कोल्हापूरकडचा. त्यानं स्केचपेननं चार शब्द लिहिले: तांबडा, निळा, हिरवा, पिवळा.

निकाल असा आला. मराठी चौकोनांना सरासरी ३४ सेकंद आणि मराठी विरोधी शब्दांना ५१, म्हणजे व्यत्यय १७ सेकंदांचा. इंग्रजी चौकोनांना ३६ आणि विरोधी शब्दांना ५८, म्हणजे व्यत्यय २२. मातृभाषेचा व्यत्यय जास्त निघायला हवा होता. तो पाच सेकंदांनी कमी निघाला.

जोडीदार व्यवहारी होता. तो म्हणाला, ‘‘सोपं आहे. गृहीतक उलटं लिहू. इंग्रजीचा व्यत्यय जास्त असेल, कारण ती परकी भाषा, लक्ष जास्त द्यावं लागतं. पटतंय की नाही?’’ पटत होतं, हीच तर अडचण होती. निकाल हाताशी असला की कुठल्याही बाजूचं कारण पटण्यासारखं लिहिता येतं. पण जर्नलच्या पहिल्या पानावर गृहीतकाखाली बाईंची सही आणि तारीख होती. बाई प्रयोग सुरू करण्यापूर्वीच ती सही करत. मुलं याला त्यांचा विक्षिप्तपणा समजत. निकाल पाहून मग गृहीतक रचायचं आणि ते आधीपासूनच होतं असं दाखवायचं, या सवयीला नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये ‘हार्किंग’ असं नाव दिलं आणि त्यावर नंतर पुष्कळ लिहिलं गेलं. आमच्या बाईंनी त्यावरचा उपाय शाईच्या पेनानं आधीच करून ठेवला होता.

आम्ही आकडे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी टी-चाचणीचा कागद मागितला. टी ची किंमत १.९ आली होती, उलट्या दिशेनं, म्हणजे उणे चिन्हासह. जोडीदारानं कोष्टक उघडून दाखवलं: १९ स्वातंत्र्यमात्रांना, एकपुच्छ चाचणीत, ०.०५ पातळीला १.७३ लागतात. आपले १.९ आहेत. म्हणजे इंग्रजीचा व्यत्यय जास्त हे तरी सार्थ ठरलं.

‘‘एकपुच्छ कुठल्या दिशेला लावलं होतंस?’’ बाईंनी विचारलं.

‘‘मराठी जास्त, या दिशेला.’’

‘‘मग शर्यत संपल्यावर घोडा कसा बदलतोस?’’

त्याचा अर्थ त्यांनी सावकाश समजावला. एकपुच्छ चाचणीत आपण सगळी शक्यता एकाच बाजूला लावतो, म्हणूनच त्या बाजूची अट थोडी सैल असते. दुसऱ्या बाजूला कितीही मोठा आकडा आला तरी त्याबद्दल बोलायचा हक्क आपण आधीच सोडून दिलेला असतो. दोन्ही बाजूंना बोलायचं तर द्विपुच्छ चाचणीचे २.०९ हवेत, आणि १.९ तिथे पोचत नाहीत. म्हणजे ‘इंग्रजीचा व्यत्यय जास्त’ हे वाक्य आमच्या हाती नव्हतंच. हाती होतं ते एवढंच, की मराठीचा व्यत्यय जास्त असल्याचा पुरावा मिळाला नाही.

हा फरक मला तेव्हा किरकोळ वाटला. चर्चा लिहायला बसल्यावर कळलं, की सगळं सदर त्याच्यावरच उभं राहतं. ‘इंग्रजीचा व्यत्यय जास्त का?’ असा प्रश्न धरला तर आपण परकी भाषा, परीक्षेची भीती, न्यूनगंड अशा गोष्टींवर पानं भरतो, आणि ज्या गोष्टीचं कारण देतो ती गोष्ट घडली आहे की नाही हेच ठाऊक नसतं. ‘अपेक्षित होता तो मराठीचा वरचढपणा दिसला का नाही?’ असा प्रश्न धरला तर नजर आपल्याच मांडणीकडे वळते: अपेक्षा कोणत्या पायऱ्यांवर उभी होती आणि त्यातली कोणती पायरी निसटली.

बाईंनी आम्हाला त्या पायऱ्या कागदावर लिहायला लावल्या. पहिली, स्ट्रूपचा परिणाम मुळात आमच्या कार्डांवर येतो का? येत होता. दोन्ही भाषांत विरोधी कार्डाला चौकोनांपेक्षा बराच जास्त वेळ लागला होता, आणि विसांपैकी एकही प्रयुक्त याला अपवाद नव्हता. म्हणजे कार्डं, शाई, स्टॉपवॉच, सूचना, हे सगळं एकूण नीट चाललं होतं. चर्चेचा पहिला परिच्छेद याचाच असला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. गृहीतक पडलं म्हणून जे टिकलं तेही न सांगता पुढे जाऊ नये, कारण हे न सांगता पुढची कारणं दिली तर वाचणारा म्हणणार, तुमचं यंत्रच बिघडलं असेल.

दुसरी पायरी, या मुलांचं मराठी वाचन खरंच इंग्रजीपेक्षा पक्कं होतं का? आम्ही ते गृहीत धरलं होतं, पण काळ्या शब्दांचं कार्ड होतं म्हणून तपासताही आलं. ४८ मराठी शब्द वाचायला २१ सेकंद, इंग्रजीला २४. म्हणजे ही पायरीही जागेवर होती. ‘आजकाल मुलांचं मराठीच कच्चं झालंय’ हे कारण आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी सुचवलं होतं आणि ते लिहायला मजाही आली असती. पण आमचेच आकडे त्याच्या विरुद्ध होते.

मग उरली तिसरी. वाचन पक्कं असेल तर व्यत्यय जास्त, ही पायरी इतर सगळं सारखं असतानाच खरी. ते ‘इतर सगळं’ दोन्ही कार्डांत सारखं होतं का?

इथे बाईंनी एक नियम घातला, तो मी आजही मुलांना सांगते. चर्चेत जे कारण लिहाल त्याच्यापुढे लगेच लिहा, की हे कारण खरं असेल तर आमच्या आकड्यांत आणखी काय दिसायला हवं. ते दिसतं का हे पाहा, आणि जे पाहता येत नाही ते तसं लिहा. या एका नियमानं ती जुनी यादी गळून पडली. प्रयुक्त थकले असतील, तर शेवटच्या कार्डांवर चौकोनांचाही वेळ वाढायला हवा. तो वाढला नव्हता. बाहेर आवाज असेल, तर तो दोन्ही भाषांना सारखाच नडायला हवा. त्यानं एकाच भाषेचा व्यत्यय कसा घटेल?

क्रमाचा मुद्दा जरा गंभीर होता. दुसऱ्यांदा आलेल्या भाषेला सरावाचा फायदा मिळतो. स्वतः स्ट्रूपनंच तिसऱ्या प्रयोगात बरेच दिवस सराव देऊन व्यत्यय कमी होतो हे दाखवलं होतं. आम्ही दोन गट वेगळे काढले. ज्यांना मराठी आधी दिली त्यांचा मराठीचा व्यत्यय १९ सेकंद, इंग्रजीचा २०. ज्यांना इंग्रजी आधी दिली त्यांचा मराठीचा १५, इंग्रजीचा २४. सराव स्पष्ट दिसत होता: कुठलीही भाषा दुसऱ्या क्रमाला आली की तिचा व्यत्यय चार सेकंदांनी उतरत होता. पण दोन्ही गट दहा-दहाचे असल्यानं हा उतार दोन्ही भाषांना सारखाच मिळाला होता आणि एकूण सरासरीत फिटला होता. पाच सेकंदांचा फरक त्यातून निघत नव्हता. चर्चेत आम्ही हे दोन-तीन वाक्यांत लिहिलं. कारण टाकून द्यायचं असलं तरी ते का टाकलं हे लिहायचं, कारण वाचणाऱ्याच्या मनात ते येणारच असतं.

खरं काम झालं ते शिपाई मामांमुळे. आम्ही सरासऱ्या काढून झाल्यावर कच्चे कागद टेबलावरच टाकून निघालो होतो. मामांनी हाक मारली, ‘‘ताई, हे न्या. नाहीतर गठ्ठ्यात बांधून ठेवतो. बाईंचा हुकूम आहे, रफ कागद वर्षभर फेकायचे नाहीत.’’ त्यांनी ते कार्डांसकट सुतळीनं बांधून वर प्रयोगाचं नाव लिहून ठेवले. बाईंनी तो गठ्ठा मागवला आणि पहिलाच कागद पाहून विचारलं, ‘‘हे ‘ला’ काय आहे?’’

उत्तराच्या कागदावर आम्ही प्रत्येक जागेसमोर बरोबर-चूक खूण करायचो. तांबड्या रंगासमोर बऱ्याच ठिकाणी जोडीदारानं बारीक अक्षरात ‘ला’ लिहिलं होतं. ‘‘ते लाल म्हणाले,’’ तो म्हणाला. ‘‘बरोबरच धरलं. तांबडा काय, लाल काय.’’

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक वही काढली आणि जॉर्ज क्लाइनच्या १९६४ च्या लेखाची टिपणं आमच्यापुढे ठेवली. क्लाइननं शाईवर निरनिराळ्या जातीचे शब्द ठेवून पाहिले होते. निरर्थक अक्षरजुळणीचा व्यत्यय सगळ्यांत कमी. मग विरळ शब्द, मग रोजचे शब्द, मग आकाश-गवतासारखे रंगाशी नातं सांगणारे शब्द, त्याच्या वर रंगांचीच पण प्रयोगात उत्तर म्हणून न येणारी नावं, आणि सगळ्यांत वर जी नावं उत्तर म्हणूनही द्यायची आहेत ती. कार्डावरचा शब्द तुमच्या ओठांवर तयार असलेल्या उत्तरांपैकीच एक असेल तर तो सर्वांत जास्त नडतो. रंगाचंच नाव, पण उत्तरांच्या यादीत नाही, तर त्याचा जोर कमी पडतो.

आमच्या इंग्रजी कार्डावर RED होतं आणि मुलंही ‘रेड’च म्हणत होती. मराठी कार्डावर ‘तांबडा’ होतं आणि बहुतेक मुलं म्हणत होती ‘लाल’. म्हणजे मराठी कार्डावरचा चौथा हिस्सा शब्द असे होते, जे बोलणाऱ्याच्या उत्तरांच्या यादीतच नव्हते. कोल्हापुरात रस्सा तांबडा असतो, पहाटही तांबडीच फुटते. पण आमच्या प्रयुक्तांतली बरीचशी मुलं ज्या शहरी वस्तीत वाढली होती तिथे चौकोन लाल असतो. म्हणजे मराठी आणि इंग्रजी कार्डं एकसारखी अवघड नव्हती.

आता बाईंचाच नियम लावायचा होता: हे खरं असेल तर आणखी काय दिसेल? जी मुलं स्वतः ‘तांबडा’ म्हणतात त्यांना मराठीचा व्यत्यय जास्त दिसायला हवा. आम्ही चौकोनांच्या कार्डावर कोण काय म्हणालं ते पाहून गट पाडले. १५ जण लालवाले, पाच जण तांबडेवाले. लालवाल्यांचा मराठीचा व्यत्यय १५ सेकंद, तांबडेवाल्यांचा २३. आणि इंग्रजीचा? दोन्ही गटांचा २२. जोडीदार खुर्चीतून उठलाच. मीही मनातल्या मनात चर्चा लिहून टाकली होती: गृहीतक वाचलं!

बाईंनी कागद ओढून घेतला आणि त्यावर पेन्सिलनं साधा हिशेब मांडला. समजा ‘तांबडा’ या शब्दाचा लालवाल्यांवर शून्य परिणाम झाला. प्रत्यक्षात तसं होणार नाही, कारण तोही रंगाचाच शब्द आहे, तरी तुमच्या बाजूनं शून्य धरू. तो शब्द ४८ पैकी १२ जागी आहे, म्हणजे चौथा हिस्सा. तांबडेवाल्यांचा पूर्ण व्यत्यय २३. त्याचा चौथा हिस्सा पावणेसहा सेकंद. म्हणजे तुमच्या कारणानं जास्तीत जास्त पावणेसहा सेकंदांचा फरक पडू शकतो. तुमच्या दोन गटांत फरक आहे आठांचा. उरलेले सव्वादोन सेकंद कुठून आले?

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच दिलं: ‘‘पाच माणसं आहेत गं. त्यांतला एखादा तोतरा असेल, एखादा मुळातच सावकाश असेल. पाचांची सरासरी एका माणसानं हलते.’’ मग त्यांनी आम्हाला त्या पाच जणांचे वेगवेगळे आकडे लिहायला लावले. चौघांचे २० च्या आसपास होते, एका मुलीचे ३५. तिला वगळून पाहिलं तर फरक आठावरून पाचावर आला. वगळायचं मात्र नाही, असं त्यांनी बजावलं. तिला ठेवून आकडा लिहायचा आणि तिच्यामुळे तो किती हलतो तेही लिहायचं.

आणखी एक कारण आम्हाला शेवटपर्यंत फेटाळता आलं नाही. मुलांना इंग्रजीत नुसत्या चौकोनांचे रंग सांगायलाच दोन सेकंद जास्त लागत होते. उत्तर जितकं हळू तयार होतं, तितका वाचलेल्या शब्दाला मध्ये घुसायला वेळ मिळतो. त्यामुळे इंग्रजीचा व्यत्यय वाढला असेल आणि मराठी वाचनाचा जोर त्याखाली झाकला गेला असेल. हे खरं असेल तर इंग्रजी चौकोनांत जी मुलं सावकाश होती त्यांचाच इंग्रजी व्यत्यय जास्त दिसायला हवा. आलेख कागदावर आम्ही वीस ठिपके मांडले. त्यांतून कुठलीच रेषा दिसेना, पण वीस ठिपक्यांत न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. तो परिच्छेद आम्ही ‘हे कारण तपासता आलं, ठरवता आलं नाही’ अशा वाक्यानं संपवला. असं वाक्य जर्नलमध्ये चालतं हेच मला तोवर माहीत नव्हतं.

चर्चा तीन पानांची झाली. आधी जे टिकलं ते, मग गृहीतकाला आधार मिळाला नाही हे एका सरळ वाक्यात, मग क्रमाचं कारण आणि ते का टाकलं, मग शब्दांचं. शब्दांच्या परिच्छेदाच्या सुरुवातीलाच बाईंनी एक ओळ घालायला लावली: ही विभागणी आधी ठरलेली नव्हती, निकाल पाहिल्यावर केली आहे. जोडीदार कुरकुरला, की मग वाचणारा कमी विश्वास ठेवेल. ‘‘ठेवू दे की कमी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तेवढाच ठेवायला हवा.’’ प्रयुक्तांच्या संख्येबद्दलही त्यांनी लिहू दिलं, पण ‘संख्या कमी होती’ असं मोघम नाही. तांबडेवाल्या गटात पाचच माणसं आहेत आणि त्यातल्या एकीमुळे सरासरी तीन सेकंदांनी हलते, असं. शेवटी पुढच्या प्रयोगाची एकच सूचना: मराठी कार्डावर ‘तांबडा’च्या जागी ‘लाल’ घालावं, बाकी काहीही बदलू नये. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं ते कळणार नाही, म्हणून.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी जर्नल चाळत विचारलं, ‘‘म्हणजे तुमचा प्रयोग फसला म्हणायचा?’’ मी म्हटलं, ‘‘नाही सर, गृहीतकाला आधार मिळाला नाही.’’ त्यांनी मान हलवली आणि मला मेमरी ड्रमचे भाग विचारले.

पुढच्या वर्षी मी नोकरीला लागले होते. बाईंचं पोस्टकार्ड आलं. नव्या तुकडीनं ‘लाल’चं कार्ड करून प्रयोग घेतला होता, प्रयुक्त पुन्हा २०. मराठीचा व्यत्यय २०, इंग्रजीचा २१. खाली बाईंच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: ‘तुमचं कारण काही अंशी खरं दिसतं. प्रयुक्त वेगळे आहेत, तेव्हा दोन वर्षांची थेट तुलना करू नये. तुमचं गृहीतक अजूनही उपाशीच आहे.’

ते आजही उपाशीच आहे. मी पुढे बरीच वर्षं हे प्रॅक्टिकल शिकवलं, गृहीतकावर आधी तारीख घालून सही करत आले आणि रफ कागद कपाटात ठेवत आले. मातृभाषेचा व्यत्यय ठामपणे जास्त असल्याचा निकाल माझ्या वर्गांत स्वच्छपणे आलेला नाही. माझा जोडीदार आता एका जिल्ह्याच्या गावी समुपदेशनाचं काम करतो आणि फोनवर अजून मला ‘लालवाली’ म्हणतो. बाई आता नाहीत. त्या असताना हे त्यांना लिहून पाठवायला हवं होतं.

मराठीत स्ट्रूप घेणाऱ्या सर्व प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. कार्ड रंगवण्याआधी दहा-बारा मुलांना नुसते चौकोन दाखवा, त्यांच्या तोंडून जे शब्द येतील ते लिहून घ्या आणि तेच शब्द कार्डावर घाला. ‘निळा’ म्हणतात की ‘निळं’ म्हणतात तेही पाहा. आणि निकाल उलटा आला तर मुलांना जुनी जर्नलं देऊ नका, त्यांचेच रफ कागद परत त्यांच्या हातात द्या.